‘जवळपास झालं’ तीन दिवस टिकलं की

> जळगावात आमची सहा जणांची सॉफ्टवेअर टीम. चॅटवर रोज ‘जवळपास झालं’, आणि शुक्रवारी कळतं काम अडलंय. आधी कसं ओळखायचं?

एकाच माणसाचे तीन दिवसांचे मेसेज एकाखाली एक वाचा. सोमवारी ‘पेमेंट जवळपास झालं, फक्त टेस्टिंग बाकी’, मंगळवारी तेच, बुधवारी ‘ट्रॅकवर आहे’. नवा तपशील एकही नाही. मग त्याची कोडची ब्रांच बघा. सोमवारनंतर कमिट नसेल, तर त्या ‘फक्त’मागे बहुधा दुसऱ्याकडून यायची वस्तू असते, जसं पेमेंट गेटवेची टेस्ट की. अर्थात काम झालेलं पण पुश न केलेलंही असू शकतं, म्हणून लगेच आरोप नको.

‘कधी होईल?’ विचारलं तर ‘व्हई जाई भाऊ’ एवढंच मिळेल. त्यापेक्षा खासगीत विचारा: ‘आज काय चालवून दाखवशील? कोणाच्या उत्तरासाठी थांबलायस?’ ग्रुपवर ‘अडलोय’ सहसा कोणी लिहीत नाही.