मदत हवी आहे: प्रकल्पांच्या स्लाइड्समधून मुलाखतीची उत्तरे कशी तयार करावीत?

प्रेसशॉप_पुणे

नमस्कार. मी यांत्रिकी अभियंता असून चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये काम करतो. नोकरी बदलायची असल्याने मी केलेल्या प्रकल्पांच्या स्लाइड्स तयार केल्या आहेत. मुलाखतीत त्या पडद्यावर दाखवण्याची संधी मात्र क्वचितच मिळते. ‘एखादी अडचण तुम्ही कशी सोडवली ते सांगा’ असा प्रश्न येतो आणि मी स्लाइडच्या क्रमाने, म्हणजे उद्दिष्ट, पद्धत, आलेख आणि निष्कर्ष असे बोलू लागतो. परिस्थिती, कृती आणि परिणाम या क्रमाने उत्तर द्यावे हे मला ठाऊक आहे, परंतु माझ्या स्लाइडवरील कोणता मजकूर कुठे जातो हेच मला ठरवता येत नाही. उदाहरणादाखल एका स्लाइडचा मजकूर देतो. त्यातील स्मेड ही प्रेसवरील डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, कमी वेळात बदलण्याची पद्धत आहे.

‘१६० टनी पॉवर प्रेसवर स्मेड यशस्वीरीत्या राबवले. डाय बदलण्याचा वेळ ५२ मिनिटांवरून २८ मिनिटांवर. ४६ टक्के सुधारणा.’

यातून दोन मिनिटांचे उत्तर कसे घडवावे, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सह्यकडा

माझ्या अनुभवाप्रमाणे ४६ टक्के हा आकडा पहिल्याच वाक्यात सांगावा, कारण समोरच्याच्या लक्षात तोच राहतो. शिवाय ‘आम्ही’ हा शब्द पूर्णपणे टाळून सर्वत्र ‘मी’ म्हणावे आणि उत्तर शब्दशः पाठ करून जावे.

निवृत्त_उत्पादनप्रमुख

मी अनेक वर्षे उत्पादन विभागासाठी मुलाखती घेतल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. आकडा आधी सांगण्यात गैर काही नाही, परंतु टक्केवारीपेक्षा ५२ आणि २८ हेच आकडे सांगावेत, कारण नुसत्या ४६ टक्क्यांवरून मूळ वेळ किती होता हे कळत नाही. ‘सर्वत्र मी’ हा सल्ला मात्र पटत नाही. प्रेस शॉपमध्ये डाय सेटरच बदलतो, हे समोर बसलेल्यालाही माहीत असते. तुम्ही ‘मी डाय बदलली’ म्हणालात तर पुढचा प्रश्न ‘मग सेटर काय करत होता?’ असाच येणार. निर्णय, मोजणी आणि मांडणी तुमची असेल तिथे ‘मी’ म्हणा आणि प्रत्यक्ष हाताने केलेले काम ज्याचे आहे त्याचे म्हणून सांगा.

स्लाइडवरच्या ‘स्मेड यशस्वीरीत्या राबवले’ या शब्दांनाही माझी हरकत आहे. शिगेओ शिंगो यांच्या या पद्धतीत डाय बदलाचा वेळ एक आकडी, म्हणजे दहा मिनिटांच्या आत आणणे अपेक्षित असते. २८ मिनिटांना ‘यशस्वी’ म्हटले की जाणकार परीक्षक तिथेच थांबवतो. ‘स्मेडच्या पद्धतीने काम सुरू केले आणि पहिल्या टप्प्यात २८ मिनिटांपर्यंत आलो’ असे म्हणणे खरेही आहे आणि सुरक्षितही.

आता मला चार गोष्टी सांगा, कारण त्या तुमच्या स्लाइडवर नाहीत आणि उत्तराचा गाभा त्यातच आहे. वेळ कुठून कुठपर्यंत मोजला? दिवसाला किती वेळा डाय बदलत होता? ५२ मिनिटांमुळे नेमके काय अडत होते? आणि त्या ५२ मिनिटांत सर्वाधिक वेळ कशात जात होता?

प्रेसशॉप_पुणे

आपण विचारलेल्या बाबी अशा. जुन्या भागाचा शेवटचा चांगला नग पडल्यापासून नव्या भागाचा पहिला नग क्वालिटीने मंजूर करेपर्यंतचा वेळ धरला आहे. दोन शिफ्टमध्ये मिळून दिवसाला चार वेळा डाय बदलावी लागते. वेळ फार लागत असल्यामुळे मोठ्या बॅच काढाव्या लागत होत्या आणि एका ब्रॅकेटचा साठा पडून असताना दुसऱ्याचा तुटवडा पडत होता. मी डाय बदलाचे चित्रीकरण करून प्रत्येक कामाचा वेळ लिहिला, तेव्हा असे दिसले की प्रेस बंद झाल्यावरच सेटर रॅकवरून डाय आणायला जातो, फोर्कलिफ्टची वाट पाहतो आणि योग्य लांबीचे टी-बोल्ट शोधतो. डायची उंची वेगवेगळी असल्याने शट हाइटही दर वेळी नव्याने जुळवावी लागत असे.

निवृत्त_उत्पादनप्रमुख

आता उत्तर आपोआप तयार झाले आहे. तुमच्याच शब्दांत मांडून पाहतो.

‘आमच्या १६० टनी प्रेसवर दिवसाला चार वेळा डाय बदलत होती आणि शेवटच्या चांगल्या नगापासून पहिल्या मंजूर नगापर्यंत सरासरी ५२ मिनिटे जात होती. त्यामुळे बॅच मोठ्या ठेवाव्या लागत आणि एका ब्रॅकेटचा साठा पडून असताना दुसऱ्याचा तुटवडा होत असे. मी डाय बदलाचे चित्रीकरण केले आणि सेटरसोबत बसून प्रत्येक काम प्रेस बंद असतानाच करणे आवश्यक आहे का, हे तपासले. डाय आणणे आणि बोल्ट काढून ठेवणे ही कामे प्रेस चालू असतानाच उरकता येत होती, म्हणून पुढची डाय आणि तिचे बोल्ट आधीच प्रेसजवळ ठेवण्याची पद्धत मी घालून दिली. डायची उंची समान करण्यासाठी खाली बसवायच्या प्लेट्स मी टूलरूमकडून करून घेतल्या, त्यामुळे शट हाइट जुळवण्याचा वेळ वाचला. वेळ २८ मिनिटांवर आला, म्हणजे दिवसाला ९६ मिनिटे प्रेस मोकळी झाली.’

हे शांतपणे बोलायला साधारण दीड मिनिट लागते. परिस्थिती दोन वाक्यांत संपली आणि बहुतेक जागा कृतीला मिळाली, हे लक्षात घ्या. प्लेट्स बसवताना कोणत्या डायला अडचण आली, हे विचारले तरच सांगा. त्या ९६ मिनिटांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र नक्की येईल. जास्त नग काढले की बॅच लहान केल्या, याचे उत्तर तयार ठेवा. पाठांतराबद्दल एवढेच म्हणेन की आकडे पाठ असावेत, वाक्ये नसावीत, कारण परीक्षकाने मध्येच टोकले की पाठ केलेल्या उत्तराचा धागा तुटतो.

रंगरेषा

मी ॲपचे आराखडे बनवते आणि माझ्याकडे असे आकडेच नाहीत, कारण माझा प्रकल्प महाविद्यालयातील असून तो कधी वापरात आलाच नाही. माझ्या स्लाइड्समध्ये रंगसंगती कशी ठेवावी, हेही कोणी सांगेल का?

निवृत्त_उत्पादनप्रमुख

रंगसंगतीसाठी वेगळा धागा काढावा, हे बरे. आकड्यांबद्दल मात्र सांगतो. तुम्ही आराखडा काही जणांना वापरायला दिला असेल तर ते कुठे अडखळले आणि त्यानंतर तुम्ही काय बदलले, हाही परिणामच आहे. जो आकडा मोजलेला नाही, तो बनवू मात्र नका.

प्रेसशॉप_पुणे

आपल्या उत्तराने चित्र बरेच स्पष्ट झाले, त्याबद्दल आभारी आहे. बॅच लहान केल्या, हे मला सांगता येईल. एक अडचण राहते. २८ मिनिटे ही बदलानंतरच्या महिन्याची सरासरी आहे. हल्ली दुसऱ्या शिफ्टमध्ये नवीन सेटर आल्यापासून तिथे वेळ पुन्हा ३५ मिनिटांच्या आसपास जातो. हे मी स्वतःहून सांगावे का?

सह्यकडा

मुळीच सांगू नये. विचारले तर खोटे बोलू नये, परंतु आपल्याच परिणामाला आपण कमीपणा का आणावा?

निवृत्त_उत्पादनप्रमुख

मी परीक्षक असतो तर हे ऐकून तुमच्यावरचा माझा विश्वास वाढला असता, विशेषतः ‘नव्या सेटरसाठी कामाचा क्रम लिहून प्रेसवर लावला’ असे पुढचे वाक्य आले असते तर. तसे काही केले आहे का? केले नसेल, तर नुसते ३५ मिनिटे सांगून थांबणे अडचणीचे ठरेल, आणि तेवढ्यापुरते सह्यकडा यांचे म्हणणे मला मान्य आहे.

प्रेसशॉप_पुणे

क्रम लिहिला आहे, पण तो पहिल्या सेटरच्या सवयीप्रमाणे लिहिलेला आहे आणि नव्या सेटरला त्यातील बोल्ट आवळण्याचा क्रम मान्य नाही. या आठवड्यात दोघांसोबत पुन्हा चित्रीकरण करणार आहे. मुलाखत त्याआधी झाली तर काय बोलावे, हे अजून ठरलेले नाही.