उरलेला अंड्याचा रस्सा रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी उकळला तर चालतो का?

वडगावची सून
परवा पाहुणे होते म्हणून तीस अंड्यांचा रस्सा केला, निम्मा उरला. सासूबाई म्हणतात, झाकण घालून ओट्यावर राहू दे, सकाळी खळखळ उकळला की काही होत नाही, जन्मभर आम्ही हेच केलंय. माझं म्हणणं, रात्रीच फ्रिजमध्ये जायला हवा. तर त्या म्हणतात, गरम पातेलं आत ठेवलंस तर दूध नासेल. कुणाचं बरोबर?

येळ्ळूरचा आचारी
सासूबाईंचं बरोबर आहे अक्का. पंचवीस वर्षं लग्नाकार्याला स्वयंपाक करतोय. रात्रीचा रस्सा सकाळच्या पंगतीला वाढलाय, एकाचंही पोट बिघडलं नाही. उकळीत कुठला जंतू टिकणार? उलट फ्रिजातला रस्सा गरम केला की वाटणाची चव उतरते, खोबरं वेगळं होतं.

निपाणीकर
दोघीही थोड्या थोड्या बरोबर. फ्रिजमध्येच ठेवायचा, पण पूर्ण गार झाल्यावर. आम्ही जेवणं झाल्यावर तसाच ठेवतो, झोपताना बारा-साडेबाराला आत टाकतो. गरम भांडं आत घालणं म्हणजे फ्रिजचं वाटोळं.

निवृत्त लॅबवाली, टिळकवाडी
अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत माझी बावीस वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आचारी काका, उकळीत जिवंत जंतू मरतात हे खरं. पण कांद्यालसणाला लागलेल्या मातीतून आणि मसाल्यातून येणारे काही जंतू बीजाच्या रूपात असतात आणि ते बीज तासभर उकळलं तरी मरत नाही. रस्सा-आमटीत हटकून सापडणाऱ्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. जोंधळा पेवात पडून असतो आणि ओल लागली की मोड येतो, तसं हे बीज. रस्सा निवत पन्नास अंशांच्या खाली आला की ते उगवतं. त्याला हवा नको असते, आणि उकळून हवा निघून गेलेला, वर तेलाचा तवंग धरलेला रस्सा त्याला फार मानवतो. 43 ते 47 अंशांच्या आसपास तो साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. तीन तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे हिशेबाने एकाचे अडीच लाख.

मी मे महिन्यात घरीच मोजून पाहिलं होतं. चार लिटर रस्सा, जाड बुडाचं पातेलं, वर झाकण. रात्री नऊला 88 अंश होता. अकराला मधोमध 58, एकला 43, आणि सकाळी सहाला तीस. म्हणजे रात्रभर तो त्या जंतूच्या आवडीच्या उबेतच बसून होता. वरून हात लावला तर गार, पळी खाली घातली तर कोमट. निपाणीकर, तुमच्या बारा-साडेबाराला नेमकी सगळ्यात वाईट वेळ सुरू झालेली असते, आणि तेच खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये गेलं तर पुढचे कितीतरी तास त्याचा मधला भाग कोमटच राहतो.

आमच्या कामातला नियम असा: 60 वरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून 5 पर्यंत पुढच्या चार तासांत. बेळगावात मे महिन्यात रात्रीसुद्धा घरात पंचवीस-सव्वीस अंश असतात, म्हणजे ओट्यावर ठेवून तो 21 ला येणारच नाही.

खानापूरची माहेरवाशीण
तुम्ही म्हणताय तसंच आमच्याकडे गेल्या वर्षी बारशाला घडलं. साठ अंड्यांचा रस्सा आदल्या रात्री करून मोठ्या ॲल्युमिनियमच्या डेगेत ठेवला होता, वर झाकण, त्यावर पोतं. सकाळी चुलीवर ठेवला, कडेला बुडबुडे आले, उतरवला. दुपारी एकला पंगत. रात्री दहापासून एकेकाला पोटात कळा, मग जुलाब. ताप कुणालाच नाही, उलटी एखाददुसऱ्याला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहुतेक बरे झाले, पण म्हाताऱ्या आत्यांना सलाईन लावावं लागलं. सगळ्यांनी अंडीवाल्याला दोष दिला की जुनी अंडी दिली. रस्सा आंबलेला नव्हता, वासही छान होता.

निवृत्त लॅबवाली, टिळकवाडी
जेवणानंतर नऊ तासांनी कळा आणि जुलाब, ताप नाही, उलटी जवळजवळ नाही, दिवसाभरात उतार. सगळी खूण याच जंतूची. तपासणीशिवाय शपथेवर सांगणार नाही, पण अंडीवाल्याचा दोष मला दिसत नाही. वासाने हा कधीच कळत नाही.

तुमच्या गोष्टीत दोन चुका एकापाठोपाठ झाल्या. पोतं घातल्याने डेग रात्रभर उबदार राहिली, आणि सकाळी ती पुरती तापलीच नाही. जाड रस्सा कडेने उकळतो तेव्हा मध्यभाग नुसता गरम असतो. उगवलेला जंतू पंचाहत्तर अंशांना मरतो, म्हणून तळापासून ढवळत सगळीकडून उकळी फुटल्यावर चार-पाच मिनिटं उकळू दिला असता तर आत्यांचं सलाईन बहुधा टळलं असतं. एवढ्यापुरतं वडगावच्या सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे.

येळ्ळूरचा आचारी
मग मी म्हणतो तेच झालं की. नीट उकळा.

उचगावची शाळेतली ताई
शाळेत मुलांना उकडलेलं अंडं असतं, त्यामुळे अंड्यांशी माझा रोजचा संबंध. माझी शंका वेगळी आहे. रस्सा परत गरम केला की बलकाभोवती हिरवट-काळी कड येते. तेच विष का? आमच्यात एकीनं तशी अंडी फेकून दिली.

निवृत्त लॅबवाली, टिळकवाडी
नाही ताई, ती कड निर्धोक आहे. अंडं जास्त वेळ तापलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन तो रंग धरतो. ताज्या अंड्यालाही येतो. त्या रंगावरून शिळं-ताजं काहीच ठरत नाही.

उचगावची शाळेतली ताई
बरं झालं विचारलं. मग आणखी एक. दिवाळीत भावाकडे उरलेला रस्सा दहा मिनिटं उकळून वाढला होता, मी स्वतः उभी होते. तरी तीन तासांत पाचजणांना उलट्या सुरू झाल्या. हे कसं?

निवृत्त लॅबवाली, टिळकवाडी
अंडी कधी सोलली होती, आणि कुणी?

उचगावची शाळेतली ताई
सकाळी उकडली, अकराला वहिनीनं सोलून परातीत ठेवली. रस्सा संध्याकाळी केला. तिच्या बोटाला विळीनं कापलं होतं, चिंधी बांधली होती.

निवृत्त लॅबवाली, टिळकवाडी
तर मग संशय त्या बोटावर जातो. जखमेत, नाकात, नखाखाली स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असतो. सोललेलं ओलं अंडं सात-आठ तास उघड्यावर राहिलं की तो त्यावर वाढतो आणि विष सोडतो. नंतर उकळीत जंतू मरतो, पण विष तसंच राहतं. दहा मिनिटं काय, अर्धा तास उकळलं तरी. म्हणून त्रास दोन-तीन तासांत आणि तोही उलट्यांचा.

काका, "नीट उकळा" इथे कमी पडतं ते असं. उकळीनं एक प्रकार सुटतो, दुसरा सुटत नाही. सकाळी भांड्याकडे बघून आत कोणता आहे ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी गार करण्याकडे बघायचं. आणि अंडी रस्सा उकळत असतानाच सोलायची, बोट कापलं असेल तर दुसऱ्या कुणीतरी.

वडगावची सून
म्हणजे मी नेमकं काय करू? आमचा फ्रिज एकदाराचा, लहान आहे.

निवृत्त लॅबवाली, टिळकवाडी
जेवणं झाली की लगेच, गप्पांना बसायच्या आधी हे करा. अंडी झाऱ्यानं काढून उभी अर्धी कापा, कारण अख्ख्या अंड्याचा मधला भाग लवकर निवत नाही आणि सकाळी लवकर तापतही नाही. रस्सा दोन रुंद थाळ्यांत ओता, दोन बोटं खोल, त्याहून जास्त नको. मोठ्या परातीत किंवा टबात नळाचं पाणी घेऊन थाळे त्यात ठेवा आणि पळीनं ढवळत राहा. दहा मिनिटांत पाणी कोमट होईल, ते बदला. फ्रीझरमध्ये बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या असतील तर त्या बाहेरच्या पाण्यात टाका, रस्स्यात नको. मी असं केलं तेव्हा चार लिटर रस्सा अर्ध्या तासात 88 वरून बत्तीसवर आला.

मग अर्ध्या अर्ध्या लिटरच्या बसक्या स्टीलच्या डब्यांत अंड्यांसकट भरून फ्रिजमध्ये ठेवा. डबे एकावर एक रचू नका, मध्ये वारा फिरू द्या, झाकण पहिला तासभर सैल. बत्तीस अंशांच्या डब्यानं दूध नासत नाही. सासूबाईंची भीती उकळत्या मोठ्या पातेल्याबाबत खरी आहे, कारण ते आतलं सगळंच तापवतं.

दोन दिवसांत संपवा. लागेल तेवढाच डबा काढून उकळा, उरलेलं परत आत नको.

खानापूरची माहेरवाशीण
आमच्याकडे पावसाळ्यात लाईट संध्याकाळी गेली की कधी कधी सकाळीच येते. मग काय करायचं?

निवृत्त लॅबवाली, टिळकवाडी
दार न उघडता फ्रिज साधारण चार तास गार राहतो. त्यापुढे गेलं तर रस्सा सोडून द्यावा असं मी सांगेन. तुमच्याकडे रात्रीचा उरवू नयेच. कांदा-खोबरं भाजून कोरडं ठेवा, अंडी कवचासकट कच्ची राहू देत, सकाळी ताजा करा.

येळ्ळूरचा आचारी
अक्का, एक सांगतो. आमची डेग रात्रभर निखाऱ्यावर असते, मंद रटरटत. खाली उतरवत नाही. तुम्ही म्हणता ते निवणं आमच्यात होतच नाही.

निवृत्त लॅबवाली, टिळकवाडी
म्हणून तर तुमच्या पंचवीस वर्षांत काही झालं नाही, काका! रस्सा साठ अंशांच्या वर राहिला की बीज उगवतच नाही. तुम्ही त्याचं श्रेय सकाळच्या उकळीला देत होता, खरं ते निखाऱ्यांचं. घरी कुणी रात्रभर गॅस ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

येळ्ळूरचा आचारी
हे पटलं. पण पंगत उठल्यावर यजमान पाहुण्यांना गरम रस्स्याचे डबे भरून देतात. धारवाडला, हुबळीला पोचायला दोन-तीन तास, घरी जाऊन ते रात्री खातात. दोनशे माणसांचा रस्सा मी थाळ्यांत कुठे ओतत बसू? आणि नाही म्हटलं तर यजमान रागावतात.

निपाणीकर
तो रिवाज मोडणार नाही. डबा दिला नाही तर बहिणी रुसतात.

निवृत्त लॅबवाली, टिळकवाडी
याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. डब्यात सुकं द्या, भाकरी द्या, लाडू द्या, एवढंच सुचतं. रस्सा द्यायचाच असेल तर उकळता भरा आणि घरी पोचताच, पिशवी खाली ठेवायच्या आधी, परत उकळायला सांगा. तीन तासांच्या वर प्रवास असेल तर मी स्वतः तो डबा घेणार नाही.

वडगावची सून
काल करून पाहिलं. सासूबाई परात द्यायला तयार नव्हत्या, म्हणून लग्नातला जुना रुंद थाळा काढला. पाणी दोनदा बदललं, पाऊण तास लागला. रात्रभर दूध चांगलं राहिलं, सकाळी त्याच फ्रिजातल्या दुधाचा चहा त्यांनी घेतला. पण ओट्यावरच्या पातेल्यावरून त्या अजून हटलेल्या नाहीत. म्हणतात, थंडीत तरी बाहेर ठेवायला काय हरकत आहे?

निपाणीकर
डिसेंबरात रात्री चौदा-पंधरा अंशांवर येतं की इकडे. मलाही ते पटतंय.

निवृत्त लॅबवाली, टिळकवाडी
हवा पंधराची असली तरी झाकलेल्या खोल पातेल्याचा मध्यभाग तासन्‌तास ऊबदारच राहणार. यंदा डिसेंबरात परत तापमापी घालून बघते.