उलटा यील्ड कर्व्ह खोटा ठरला का?

प्रसाद_नाशिक
अमेरिकेच्या सरकारी रोख्यांचा यील्ड कर्व्ह, म्हणजे कोणत्या मुदतीला किती परतावा मिळतो ते दाखवणारी रेषा, जुलै २०२२ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत उलटा होता. दोन वर्षांच्या रोख्यावर दहा वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त यील्ड मिळत होतं. जो तो म्हणत होता, मंदी येणार. आली नाही. मग पैसे देणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या अपेक्षा यात दिसतात असं म्हणतात, ते तरी खरं कशावरून? माझ्या मते हा संकेत आता मोडीत काढावा.

रोखेवाला
वीस वर्षं मुंबईत रोख्यांच्या डीलिंग रूममध्ये काढली आहेत, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. कर्व्ह थेट मंदीबद्दल बोलतच नाही. तो बोलतो पुढच्या व्याजदरांबद्दल. मंदी हा आपण काढलेला अर्थ आहे.

जुलै २०२३ च्या सुरुवातीचे आकडे घ्या. एक वर्षाचं यील्ड साधारण ५.४, दोन वर्षांचं ४.९ आणि दहा वर्षांचं ३.९ च्या खाली. दोन आणि दहा वर्षांतला फरक एक टक्क्याहून थोडा जास्त उलटा झाला होता. आता तुमच्याकडे १०० डॉलर आहेत आणि ते दोन वर्षं लागणार नाहीत. एक मार्ग असा, की दोन वर्षांचा रोखा घ्यायचा. शेवटी साधारण ११०.०४ होतात. दुसरा मार्ग असा, की एक वर्षाचा घ्यायचा, १०५.४० हातात आले की त्या दिवशी जो दर असेल त्याने पुन्हा वर्षभर लावायचे. दर ५.४ च राहिला तर १११ च्या वर जाल. मग लोक डोळ्यांसमोर एक डॉलर सोडून दोन वर्षांचा रोखा का घेत होते? कारण वर्षभराने ५.४ मिळणार नाही असं त्यांना वाटत होतं. दोन्ही मार्ग सारखे पडायला तो दर ४.४ च्या आसपास असायला हवा. म्हणजे बाजाराने वर्षभरात एक टक्क्याची घसरण गृहीत धरली होती.

प्रत्यक्षात जुलै २०२४ ला एक वर्षाचा दर पाचच्या थोडा वरच होता. दरवर्षी नव्याने लावणारा पुढे राहिला. तेव्हा प्रसादराव, अपेक्षा कर्व्हमध्ये दिसत होती, अगदी स्पष्ट दिसत होती. चुकली ती अपेक्षा.

प्रसाद_नाशिक
हे पटलं. पण मग माझा मुद्दा आणखी पक्का होतो. ज्यांचा अंदाज चुकतो त्यांच्याकडून भविष्य का ऐकायचं? आणि चूक एकाच बाजूची नाही. २०१० च्या सुरुवातीला कर्व्ह इतका चढा होता की दहा आणि दोन वर्षांत जवळजवळ २.९ टक्के अंतर होतं. तुमच्याच हिशोबाने त्याचा अर्थ, लवकरच दर वाढणार आणि अर्थव्यवस्था उसळणार. फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, मात्र डिसेंबर २०१५ पर्यंत दर शून्याजवळून हलवला नाही. चढ चुकला, उतारही चुकला.

सुमेधा
मला वाटतं तुम्ही दोघंही मुख्य गोष्ट सोडताय. कर्व्ह भाकीत करत नाही, तो मंदी *घडवतो*. बँक ठेवी अल्प मुदतीने घेते आणि कर्ज दीर्घ मुदतीने देते. ठेवीवर साडेपाच आणि कर्जावर चार अशी वेळ आली तर कोणती बँक कर्ज देईल? मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली ती याचमुळे. कर्ज आटलं की उद्योग थांबतात. मंदी कर्व्हच्या पोटातून येते.

रोखेवाला
सुमेधाताई, अर्धं बरोबर आहे. त्या बँकेकडे स्वस्ताईच्या काळात घेतलेले दीर्घ मुदतीचे रोखे होते, दर वाढल्यावर त्यांची किंमत पडली, आणि ठेवीदार पैसे काढायला आले तेव्हा ते तोट्यात विकावे लागले. तिचा घात दर झपाट्याने वाढल्यामुळे झाला. कर्व्ह सपाट राहून सगळेच दर तेवढे वर गेले असते तरी ती अडचणीत आलीच असती.

दुसरं, बँकेला पैसा बाजारभावाने पडतो असं तुम्ही धरलंत. अमेरिकेत लाखो लोकांचे पैसे बचत आणि चालू खात्यांत जवळजवळ शून्य व्याजावर पडून होते. फेडचा दर साडेपाचला पोचला तरी बँकेचा ठेवींवरचा खर्च त्याच्या बराच खाली होता. त्यामुळे कर्ज देणं महाग झालं, तोट्याचं झालं नाही. बँकांनी हात आखडला हे मात्र खरं, आणि तेवढा तुमचा मुद्दा मी मान्य करतो.

एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. कर्ज घेणाऱ्याची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून माझंच उदाहरण देतो. २०२१ मध्ये घराचं कर्ज ३० वर्षांसाठी २.८७५ टक्क्यांनी पक्कं केलं. इथे बहुतेकांचा दर कर्ज फिटेपर्यंत बदलत नाही. मार्च २०२२ ला फेडचा दर शून्य ते पाव टक्का होता, जुलै २०२३ ला सव्वापाच ते साडेपाच. माझा हप्ता एका डॉलरनेही वाढला नाही. ऑफिसातल्या अर्ध्या लोकांची तीच गोष्ट. मोठ्या कंपन्यांनीही तेव्हा लांब मुदतीचे स्वस्त रोखे काढून घेतले होते.

मुलगी मोठी झाली, मोठं घर हवं आहे, पण हे कर्ज सोडून नवीन सात टक्क्यांचं कोण घेणार? चार वर्षं इथेच अडकलोय. बायको रोज विचारते. पण खर्च कमी करायची वेळ आमच्यावर आली नाही. मंदी न येण्याचं कारण माझ्या मते हेच आहे. कर्व्ह उलटा झाला तेव्हा कर्जदार आधीच कुलूप लावून बसले होते.

शैलजा_सांगली
मला एक विचारायचं आहे. २०२३ साली आमच्या बँकेत ४०० दिवसांच्या एफडीला ७.१ टक्के आणि पाच वर्षांच्या एफडीला ६.५ होते. म्हणजे हाही उलटा कर्व्हच ना? मला तेव्हा वाटलं भारतात मंदी येणार, म्हणून घाबरून सगळे पैसे ४०० दिवसांत टाकले. आता मुदत संपली तर तेवढा दर कुठेच मिळत नाही. चूक झाली का माझी?

रोखेवाला
शैलजाताई, एफडीचे दर म्हणजे बाजाराचा कर्व्ह नाही. तो बँकेने आपल्या गरजेप्रमाणे लावलेला दर आहे. तेव्हा कर्जाची मागणी जोरात होती आणि ठेवी कमी पडत होत्या, म्हणून थोड्या मुदतीसाठी जास्त व्याज देऊन ठेवी ओढल्या जात होत्या.

पण या व्यवहारात कर्जदार कोण ते बघा. बँक! तुम्ही तिला पैसे देताय. आणि तिने तुम्हाला सांगितलं, "वर्षभरासाठी महाग घेईन, पाच वर्षांसाठी महाग घेणार नाही." दर पुढे उतरतील असा तिचा होरा होता. फेब्रुवारी २०२५ पासून जूनपर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५ वरून ५.५ वर आणला. तिचा होरा बरोबर निघाला. मंदीला घाबरून पैसे छोट्या मुदतीत टाकलेत, तिथे दिशा उलटी झाली. मंदीची भीती असेल तर दर पडणार असं धरायचं आणि आजचा दर लांब मुदतीसाठी बांधून घ्यायचा. अमेरिकेत दहा वर्षांचा रोखा ३.९ ने घेणारा नेमकं हेच करत होता. ज्या वर्षी पैसे हवेत त्या वर्षाची गरज मात्र आधी बघा, मगच बाकीचं.

शैलजा_सांगली
हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. कमी व्याज घेऊन लांब बांधणारे लोक मला आजवर भोळे वाटत होते.

तुषार_पणजी
भारताचंच उदाहरण द्यायचं तर २०१३ बघा. रुपया घसरत होता म्हणून १५ जुलैला रिझर्व्ह बँकेने बँकांना तातडीने पैसे देण्याचा एमएसएफ दर ८.२५ वरून एकदम १०.२५ केला आणि रेपोतून मिळणारा पैसा मर्यादित केला. ९१ दिवसांचं ट्रेझरी बिल, म्हणजे सरकारचं छोट्या मुदतीचं कर्ज, ११ टक्क्यांच्या वर गेलं, दहा वर्षांचा रोखा ८ ते ९ च्या घरात. चांगलाच उलटा कर्व्ह. त्यात मंदीची अपेक्षा कुठे होती? हे काही दिवसांचं संकट आहे आणि महागडा पैसा टिकणार नाही, एवढंच देणाऱ्यांना वाटत होतं. सप्टेंबरमध्ये रघुराम राजन आले आणि एमएसएफ खाली यायला लागला. त्यामुळे प्रसाद यांच्याशी मी सहमत आहे. एकाच आकाराची दहा कारणं असतील तर त्या आकाराला संकेत म्हणू नये.

रोखेवाला
तुषार, २०१३ चं उदाहरण चोख आहे. पण माझा निष्कर्ष वेगळा. उलटा कर्व्ह दिसला की पहिला प्रश्न हा, की दर *का* उतरतील असं लोकांना वाटतंय? २०१३ मध्ये उत्तर होतं रुपया. अमेरिकेत जून २०२२ ला महागाई ९.१ टक्के होती, वर्षभरात ती ३ वर आली. महागाई उतरली की फेडला दर इतका चढा ठेवायचं कारण उरत नाही. मंदी न येताही दर उतरू शकतात, आणि सप्टेंबर २०२४ पासून ते तसेच उतरायला लागले. माझ्या मते २०२२-२४ चा कर्व्ह मुख्यतः महागाईबद्दल बोलत होता. अर्थतज्ज्ञ कॅम्पबेल हार्वे यांनी १९८६ च्या प्रबंधात छोट्या आणि लांब मुदतीच्या दरांतल्या फरकावरून वाढीचा अंदाज बांधला, तोही महागाई वजा करूनच.

सुमेधा
इथे मी तुम्हाला अडवते. महागाईशी जोडलेले अमेरिकी सरकारी रोखे असतात ना? २०२३ च्या मध्यावर त्यांतही पाच वर्षांचं यील्ड दहा वर्षांच्या वर होतं. म्हणजे महागाई बाजूला काढल्यावरही उतार उलटाच. मग "फक्त महागाई" कसं म्हणता?

रोखेवाला
"मुख्यतः" म्हटलं, "फक्त" नाही. पण तुमचा आक्षेप खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पुरतं उत्तर नाही. काही जणांना मंदी दिसत होती, हे मान्य करायलाच हवं. त्यात दुसरीही एक गोष्ट मिसळलेली असते. लांब मुदतीच्या रोख्यात पैसे अडकवायचे तर माणूस थोडा जादा मोबदला मागतो, म्हणूनच साधारण दिवसांत कर्व्ह चढा असतो. फेडने वर्षानुवर्षं लांब मुदतीचे रोखे विकत घेतले, तेव्हा तो मोबदला दबला. तो किती दबला ते थेट मोजता येत नाही, वेगवेगळ्या मॉडेलची उत्तरं वेगळी येतात. त्यामुळे अपेक्षा किती आणि मोबदला किती, हा वाद मिटत नाही.

प्रसाद_नाशिक
आता कर्व्ह सरळ झालाय, चढा झालाय. म्हणजे सगळं ठीक?

रोखेवाला
तेवढ्यावरून नाही. २००६ मध्ये उलटलेला कर्व्ह २००७ च्या मध्यापर्यंत सरळ झाला होता आणि मंदी लागली डिसेंबर २००७ ला. सरळ *कसा* झाला ते बघावं लागतं. छोट्या मुदतीचे दर पडून झाला, की लांब मुदतीचे वाढून? मे २०२५ मध्ये मूडीज या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचं मानांकन उतरवलं, तेव्हा ३० वर्षांचं यील्ड ५ च्या वर गेलं. ती चढण वाढीच्या आशेची नव्हती. सरकार इतकं कर्ज काढतंय तर जादा व्याज द्या, अशी ती मागणी होती.

एडिसनकर
म्हणजे फेडने दर कमी केले तरी माझं नवीन गृहकर्ज तितकं स्वस्त होणार नाही? कारण ते लांब मुदतीच्या दरावर चालतं.

रोखेवाला
बरोबर. सप्टेंबर २०२४ ला फेडने अर्धा टक्का कमी केला आणि पुढचे काही आठवडे तुमच्याकडचे गृहकर्जाचे दर *वाढलेच*. वहिनींना तेवढं सांगून ठेवा.