मदत हवी आहे: नवऱ्याला डॉक्टरांकडे कसं न्यावं?

नमस्कार मैत्रिणींनो. आम्ही चिंचवडला राहतो. नवरा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत होता, वर्षभरापूर्वी त्याची लाइन बंद झाली. सुरुवातीला रोज अर्ज, इंटरव्ह्यू चालू होते. आता नोकरीचं नाव काढलं की उठून आत जातो.

मला काळजी नोकरीपेक्षा वेगळीच आहे. त्याला पहाटे चारला जाग येते, मग झोप नाही. जेवण अर्धं. मॅच लावतो पण बघत नाही. परवा म्हणाला, "माझ्यामुळे तुझे हाल चाललेत." जिवाचं काही करावंसं वाटतं का, हे मी सरळ विचारलं. नाही म्हणाला, पण बराच वेळ गप्प होता. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं तर तो नुसता कंटाळा नसतो, एवढं मला कळतं. पण "मी काय वेडा आहे का?" म्हणून तो ऐकत नाही. झोपेचं निमित्त करून आधी फॅमिली डॉक्टरांकडे न्यावं का? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर घरच्यांनी फोन केलेला कोणाला उपयोगी पडलाय का?

आणि माझं. शिफ्ट करून आले की स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, वर सासूबाईंचं "त्याला काही बोलू नकोस हं". घरी असून भांडीही पडलेली दिसली की डोकं फिरतं. त्याला घरकाम सांगितलं तर अपमान वाटेल का? तुमच्या घरी हे कसं जमवलंत?