सिरीज, सीझन आणि 'भागा'चा घोळ

मंजिरी: ब्रिटिश कार्यक्रमांवर 'सिरीज २' लिहिलेलं असतं, अमेरिकन त्यालाच 'सीझन २' म्हणतात. असं का? आणि 'मनी हाइस्ट' या दरोड्यांवरच्या स्पॅनिश मालिकेचे एपिसोड कुठे ४१, कुठे ४८ कसे?

वैदेही: ब्रिटनमध्ये सहा-आठच एपिसोड असतात, म्हणून सिरीज. वीस-बावीस असले की सीझन.

सुहास: वैदेही, लांबीचं बरोबर आहे, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. अमेरिकेत टीव्हीचं वर्ष सप्टेंबरात सुरू होऊन मेमध्ये संपायचं आणि उन्हाळ्यात जुनेच एपिसोड पुन्हा लावायचे. म्हणजे सीझन हा खरोखरच हंगाम होता, आणि सिरीज म्हणजे अख्खा कार्यक्रम. बीबीसीच्या कार्यक्रमांना असं वार्षिक बंधन नसायचं. 'फॉल्टी टॉवर्स'ची पहिली सिरीज १९७५ची, दुसरी थेट १९७९ची, दोन्ही सहा-सहा एपिसोडांच्या. याला हंगाम कसं म्हणणार?

रोहन: क्रिकेटसारखंच ना? तीन वनडेंची मालिका, पण आयपीएलचा हंगाम.

सुहास: आयपीएलचं जुळतं, दरवर्षी ठरल्या वेळी येते म्हणून. मालिकेचं नाही जुळत, ती दोन संघांमधली असते.

अनिकेत: मनी हाइस्टचा फटका मला बसलाय. स्पॅनिशच्या वर्गात सरांनी दहावा एपिसोड बघून यायला सांगितलं. आम्ही नेटफ्लिक्सवर पाहिला, सरांनी स्पेनमधली आवृत्ती धरली होती. चर्चा जुळेचना.

सुहास: तेच मंजिरीच्या प्रश्नाचं उत्तर. २०१७ साली स्पेनच्या अँटेना ३ वाहिनीवर पहिल्या दरोड्याचे १५ एपिसोड झाले, साधारण सत्तर मिनिटांचे, ९ आणि ६ अशा दोन पार्टांत. नेटफ्लिक्सने तेच कापून २२ केले, १३ आणि ९. गोष्ट तीच, फक्त सांधे बदलले. पुढचे तीन पार्ट नेटफ्लिक्सनेच काढले, ८, ८ आणि १०. हे २६ दोन्हीकडे सारखेच. १५ धरले तर ४१, २२ धरले तर ४८. कुठली आवृत्ती ते पहिल्याच एपिसोडच्या लांबीवरून कळतं: सत्तरच्या आसपास असेल तर मूळ, पन्नासच्या आत असेल तर कापलेली.

मंजिरी: मग पाचव्या पार्टचे दोन व्हॉल्यूम कशासाठी?

सुहास: ती प्रदर्शनाची सोय. पाचव्या पार्टचे पाच एपिसोड सप्टेंबर २०२१मध्ये आले, पाच डिसेंबरात. क्रमांक मात्र सलग, दुसरा व्हॉल्यूम सहापासून सुरू होतो. त्यात 'एपिसोड १' शोधू नका.

वैदेही: मराठीत आणखी पंचाईत. पार्टही भाग, एपिसोडही भाग. 'पाचव्या भागाचा सातवा भाग' लिहायचं का?

मंजिरी: 'बिग बॉस'सारखं पर्व म्हणा. पाचवं पर्व, सातवा भाग.

सुहास: सीझनला पर्व चालेल. पण पहिले दोन पार्ट म्हणजे एकच दरोडा. मी त्यांना एकच पर्व म्हणेन, आणि तीन ते पाच मिळून दुसरं.

अनिकेत: मला नाही पटत. स्क्रीनवर पाच दिसतात, तर पाचच म्हणावीत.