‘घटनाप्रेरित नियंत्रणा’तील ‘त्रुटी’ म्हणजे नेमके काय?

शब्दवेध: ‘इव्हेंट-ट्रिगर्ड कंट्रोल’, म्हणजे ठरावीक काळाने नव्हे तर गरज पडेल तेव्हाच संदेश पाठवणारे नियंत्रण, यावरील एका लेखाचा मी अनुवाद करीत असून ‘घटनाप्रेरित नियंत्रण’ ही संज्ञा योजली आहे. ‘त्रुटीने मर्यादा ओलांडली तरच झडपेला नवी आज्ञा द्यावी’ या वाक्यातील त्रुटी म्हणजे इष्ट आणि प्रत्यक्ष मूल्यांतील तफावतच ना?

गच्चीवरची टाकी: होय. फ्लोट स्विच हेच तर करतो. पाणी खाली गेले की पंप सुरू होतो.

अवस्था: फ्लोट स्विचही एखादी सीमा गाठल्यावरच कृती करतो, एवढे साम्य खरे आहे, पण येथील त्रुटी वेगळी आहे. ती संवेदकाने शेवटी पाठवलेले माप आणि त्याचे आत्ताचे माप यांतील फरक होय. टाकीची इष्ट पातळी 100 सेंटिमीटर, शेवटी कळवलेली पातळी 80 आणि मर्यादा 2 सेंटिमीटर असेल, तर पाणी 78 ते 82 यांच्या दरम्यान असेपर्यंत एकही संदेश जात नाही आणि झडप आधीच्याच आज्ञेवर राहते, जरी इष्ट पातळी अजून सुमारे 20 सेंटिमीटर दूर असली तरी; कारण झडपेजवळ असलेली माहिती अजून पुरेशी खरी आहे. मर्यादा अशी कायम ठेवली, तर पाणी इष्ट पातळीच्या आसपास राहते, नेमके तेथेच स्थिरावेल याची खात्री नसते. म्हणून पाउलो तबुआदा यांनी 2007 मधील शोधनिबंधात मर्यादा इष्ट स्थितीपासूनच्या अंतराच्या प्रमाणात ठेवली, म्हणजे जवळ जाताना ती आपोआप आवळत जाते, आणि तरीही काही अटींखाली दोन संदेशांमध्ये ठरावीक किमान अंतर उरतेच, हे दाखवले.

द्राक्षबाग: आमच्या बागेत ओलाव्याचे संवेदक बॅटरीवर चालतात व बदल झाला तरच कळवतात. एकदा संदेश वाटेत हरवला आणि ठिबकची झडप उघडीच राहिली, कारण शांतता म्हणजे ‘बदल नाही’ असाच अर्थ तिने घेतला.

अवस्था: म्हणूनच पोच मागवावी लागते किंवा ठरावीक काळाने एक संदेश सक्तीने पाठवावा लागतो, आणि त्यात संदेशांची काही बचत परत जाते. शिवाय झडपेकडील रेडिओ सतत ऐकत राहिला, तर त्याची बॅटरी वाचत नाही. त्याच्या जागे होण्याच्या वेळा ठरवून द्याव्या लागतात. पाणी संथ असूनही संदेशांचे झुबके येऊ लागले, तर मर्यादा मापनातील गोंगाटापेक्षा लहान पडली आहे असे समजावे.

शब्दवेध: मग ‘त्रुटी’ऐवजी ‘मापफरक’ लिहितो.

गच्चीवरची टाकी: ‘मापफरक’ म्हटल्यावर मला दोन संवेदकांच्या मापांतील फरक वाटेल. ‘शेवटच्या संदेशापासूनचा बदल’ असे लांबलचक लिहिलेले बरे.

अवस्था: प्रथम उल्लेखाला ते योग्य आहे, पण समीकरणाच्या शेजारी प्रत्येक वेळी एवढे लिहिणे कठीण जाईल. तेथे मी अद्याप ‘त्रुटी’च वापरतो.