मदत हवी आहे: जीपीयू एसआयएमडी म्हणावा की एमआयएमडी?

अडलेला_पदव्युत्तर: उद्या सकाळी अहवाल द्यायचा आहे. फ्लिन यांच्या वर्गीकरणात मी जीपीयूला एसआयएमडी म्हटले, तर मार्गदर्शकांनी तेथे प्रश्नचिन्ह काढले. माझ्या प्रोग्राममध्ये थ्रेड वेगवेगळ्या वाटांनी जातात, मग ते एमआयएमडी नव्हे का? कृपया एका शब्दात सांगावे.

शंकेखोर: कार्ड कोणते आणि वाटा कोणत्या अटीवर फुटतात, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

अडलेला_पदव्युत्तर: एनव्हीडियाचे आहे. अट अशी:

```
if (threadIdx.x % 2 == 0) a(); else b();
```

वेगवान: `-O3 -march=native` देऊन पाहा. माझ्या प्रोसेसरवर एव्हीएक्स२ मुळे एका आज्ञेत आठ फ्लोट बेरजा होतात.

शंकेखोर: प्रश्न वेगाचा नाही, वर्गीकरणाचा आहे.

ठाम_मत: एमआयएमडीच. व्होल्टापासून, म्हणजे 2017 पासून, प्रत्येक थ्रेडला स्वतःचा प्रोग्राम काउंटर आहे.

जुना_फोर्ट्रनवाला: काउंटर आहे हे खरे, त्यामुळे एकाच वॉर्पमधला एक थ्रेड दुसऱ्याने धरलेल्या कुलपासाठी थांबला तरी सारे अडकून पडत नाही. परंतु वॉर्पच्या 32 थ्रेडना एका वेळी एकच आज्ञा मिळते. वरील अटीत आधी सोळा थ्रेड `a` करतात आणि उरलेले सोळा गप्प बसतात, मग उलट. दोन्हींना शंभर-शंभर चक्रे लागत असतील, तर वॉर्पला दोनशे लागतात. अट `(threadIdx.x / 32) % 2 == 0` अशी केली, तर संपूर्ण वॉर्प एकाच वाटेने जातो आणि त्याचे काम शंभरात आटोपते. खऱ्या एमआयएमडी यंत्राला या दोन अटींत फरक जाणवला नसता. मात्र निरनिराळे वॉर्प खरोखरच निरनिराळ्या वाटांनी जातात, म्हणून चिप बाहेरून एमआयएमडीसारखी आणि वॉर्पच्या आत एसआयएमडीसारखी वागते. एव्हीएक्स असलेल्या बहुकोर प्रोसेसरचेही तसेच आहे. फरक इतकाच, की तेथे आठाची रुंदी आज्ञेतच लिहिलेली असते, तर येथे आपण एका थ्रेडचा प्रोग्राम लिहितो आणि 32 ची मोट यंत्र बांधते. एनव्हीडिया म्हणूनच याला एसआयएमटी म्हणते.

शंकेखोर: मग क्रे-1 कुठे? तेथे 64 घटकांचे रजिस्टर असले, तरी बेरजा एकाच पाइपलाइनमधून एकामागून एक होत.

जुना_फोर्ट्रनवाला: वर्गीकरण बेरजेची यंत्रे मोजत नाही, आज्ञांचे आणि विदेचे प्रवाह मोजते, म्हणून मी त्याला एसआयएमडीत घालतो.

ठाम_मत: मला हे पटत नाही. पाइपलाइन म्हणजे समांतर मांडणी नव्हे.

अडलेला_पदव्युत्तर: अट बदलली. वेळ जवळपास निम्मा झाला, पण उत्तरे चुकली.

जुना_फोर्ट्रनवाला: चुकणारच. आता कोणता थ्रेड `a` करतो हे बदलले, पण तो घटक मात्र जुनाच उचलतो आहे. सम क्रमांकाचे घटक एका वॉर्पकडे आणि विषम दुसऱ्याकडे जातील असा निर्देशांक लावा. अहवालात दोन्ही वेळा लिहा. मार्गदर्शकांना एका शब्दापेक्षा तेच पटेल.